वीस क्विंटल कशाचे?

आमच्या दिंडोरी रोडच्या कॉलनीत ‘सुमारे’ हा शब्द माणसं इकडंतिकडं बघून उच्चारतात. अण्णा जवळपास नाहीत ना, याची आधी खात्री करून घ्यावी लागते. एकदा मी गच्चीवरून नुसतं ओरडलो होतो, “टाकीत साधारण निम्मं पाणी आहे.” दहाव्या मिनिटाला अण्णा टेप घेऊन शिडीवर. उतरले ते एकच वाक्य बोलून घरी गेले, “बेचाळीस टक्के. निम्मं म्हणणारी माणसं टँकर मागवायला उशीर करतात.”

अण्णा एका सरकारी खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेन्सिली (एक कडक, एक मऊ), कमरेला चाव्यांसारखी लटकवलेली पाच मीटरची टेप. मुलांनी त्यांचं नाव ‘घनफूट अण्णा’ ठेवलंय. ते त्यांना आवडत नाही. नाव ठेवलं म्हणून नव्हे. ते मेट्रिकमध्ये नाही म्हणून.

तर गेल्या फेब्रुवारीत निफाडहून माझे मामा आले. जुन्या वाड्यातलं बळद पडल्यापासून घरचे गहू पत्र्याच्या पिंपांत, हौदात, प्रसंगी पलंगाखाली अशा विस्थापित अवस्थेत राहत होते. उंदरांची मात्र चंगळ होती. मामांना आता विटांची पक्की कोठी बांधायची होती. सोळा माणसांचं खटलं, वर शहरातल्या लेकीबाळींचे वाटे. चहाचा कप खाली ठेवत मामा म्हणाले, “वीस क्विंटल मावले पाहिजेत. विटा किती लागतील साधारण?”

शेजारच्या गॅलरीतली खुर्ची करकरली. मला कळून चुकलं.

“वीस क्विंटल कशाचे?” अण्णा कठड्यावरून विचारत होते.

“कशाचे म्हणजे? धान्याचे!”

“कोणत्या? वीस क्विंटल हे वजन आहे, मामा. कोठी वजनाने बांधत नाहीत, जागेने बांधतात. वीस क्विंटल लोखंड तुमच्या या टीपॉयखाली मावेल, आणि वीस क्विंटल कापसाला ही बैठकीची खोली पुरायची नाही.”

“गहू,” मामा दबकत म्हणाले. “तपोवन.”

“मग बादली आणा.”

नाशिककडच्या माणसाला साठवणीचं ज्ञान पाजायला जाऊ नये. इथं प्रत्येक शेतात कांदाचाळ उभी असते, आणि तिच्यात वारा कुठून शिरतो, कुठून निघतो, हे शेंबडं पोरही सांगतं. घोटाळा तिथंच होतो. कांदा जिवंत असतो, त्याला श्वास लागतो. वाळलेल्या गव्हाला मात्र बाहेरची हवा जितकी कमी मिळेल तितकं बरं, कारण हवेबरोबर ओल येते आणि ओलीबरोबर किडा. मामांच्या डोक्यातही कोठीच्या भिंतीला दोन झरोके होते. अण्णांनी त्यावर पहिली काट मारली. “कांद्याला वारा, गव्हाला कोंडी. हे उलटं केलंत तर दोन्ही सडतील.”

मग आमच्या घरातली आंघोळीची बादली आणि रद्दीवाल्याकडून उसना आणलेला काटा घेऊन गच्चीवर प्रयोग झाला. अण्णांनी आधी बादली काठोकाठ पाण्यानं भरून तोलली. बादलीचं वजन वजा जाता पाणी भरलं १०.२ किलो. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर, तेव्हा बादली १०.२ लिटरची, विकणाऱ्यानं तिच्यावर काहीही छापलेलं असो. मग बादली पुसून, वाळवून तिच्यात गहू सैलसर ओतले. वरचा ढीग पट्टीनं एका दमात निपटून काढला आणि तोललं: ७.९६ किलो. भागाकार केला, लिटरला ७८० ग्रॅम. म्हणजे एक घनमीटर जागेत ७८० किलो गहू.

मामांनी मदत म्हणून बादलीला दोन लाथा हाणल्या. गहू दोन बोटं खाली बसला. अण्णा रागावतील असं मला वाटलं, पण त्यांचा चेहरा खुलला. “शाब्बास! आता वर भर घाला.” पुन्हा तोललं तर ८.३ किलो, म्हणजे घनमीटरला ८१४. “हे दोन्ही आकडे लागतात. जागा ठरवताना सैल गव्हाचा हलका आकडा धरायचा, म्हणजे कोठी कमी पडत नाही. भिंत ठरवताना दडपलेल्या गव्हाचा जड आकडा धरायचा, म्हणजे भिंत कमी पडत नाही. लोक एकच आकडा धरतात आणि कुठंतरी एकीकडे मार खातात.”

रविवारी आम्ही निफाडला गेलो. अण्णांनी तोवर ट्रेसिंग पेपरवर नकाशा केला होता. २००० किलो भागिले ७८० म्हणजे २.५६ घनमीटर. त्यावर वरच्या मोकळ्या जागेसाठी दहा टक्के. आतून १.२ मीटर रुंद, १.५ मीटर लांब, १.६ मीटर उंच अशी पेटी, जागा २.८८ घनमीटर. गवंड्याच्या भाषेत चार बाय पाच, उंची सव्वापाच फूट. खाली काळ्या दगडाचा दीड फुटी ओटा, वर स्लॅब आणि त्यात माणूस उतरेल असं झाकण.

ओसरीवर मामांची आई, म्हणजे आमची आजी, तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, “हे किलोबिलो तुमचं नवीन. आम्ही पायलीनं मोजायचो.”

अण्णा चप्पल काढून तिच्यासमोर बसले. “आजी, बाजरीची पायली आणि भाताची पायली, डोक्यावर घेतली तर सारखीच लागायची?”

“सारखी कशी लागंल? भाताची हलकी. त्याच्या टरफलात निम्मा वारा असतो.”

“बघा!” अण्णा आमच्याकडे वळले. “या घरात घनता कळणारं एकच माणूस आहे.” पायली हे वजन नव्हे, माप. चार शेरांची एक पायली, बारा पायल्यांचा मण. पण प्रत्येक धान्याचा मण काट्यावर वेगळा. जुनी माणसं जागा मोजत आणि वजन मनानं ओळखत. आपण वजन मोजतो आणि जागा विसरतो. याच कोठीत इगतपुरीकडचा भात भरला, तर घनमीटरला साधारण ५८० किलो धरून पंधराच क्विंटल बसेल. (हे ‘साधारण’ माझं आहे. अण्णांनी भाताची बादली भरल्याशिवाय आकडा सांगायला नकार दिला.)

खरी लढाई विटांवर झाली. मामांचा नातू सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं मोबाईलवर हिशेब मांडला: आतला घेर दोनदा १.२ अधिक १.५, म्हणजे ५.४ मीटर. गुणिले भिंतीची जाडी २३ सेंटिमीटर, गुणिले उंची १.६. जवळपास दोन घनमीटर काम, ८८५ विटा.

“कोपऱ्यांत काय भरणार?” अण्णांनी शांतपणे विचारलं.

“कोपऱ्यांत?”

अण्णांनी अंगणातल्या चार काड्यापेट्या घेऊन चौकोन मांडला. आतल्या घेरानं मोजलेल्या भिंती एकमेकींना नुसत्या कडेनं टेकतात, चारही कोपऱ्यांवर चौकोनी भगदाडं राहतात. बाहेरच्या घेरानं मोजलं तर तेच कोपरे दोनदा मोजले जातात. म्हणून भिंतीच्या पोटातून, मधोमध रेघ ओढायची आणि तिची लांबी धरायची. आतली १.२ ची बाजू मग १.४३ होते, १.५ ची १.७३. घेर ६.३२ मीटर, काम २.३३ घनमीटर. त्या चार भगदाडांत दीडशे विटा जातात. “तुझी कोठी झाली असती रे,” अण्णा नातवाला म्हणाले, “फक्त उंदरांना चार दरवाजे ठेवून.”

आता एका घनमीटरला विटा किती, हे पुस्तकात छापलेलं असतं. पण पुस्तकातली वीट आणि निफाडच्या भट्टीवरची वीट यांची ओळख नसते. अण्णांनी वीस विटा अंगणात एका रांगेत लांबीनं लावल्या, मग रुंदीनं, मग उंचीनं, आणि प्रत्येक रांग मोजून वीसनं भागली. एकच वीट मोजली तर ती नेमकी वाकडी निघते. वीस मिळून खोटं बोलत नाहीत. सरासरी आली २३ बाय १० बाय साडेसात सेंटिमीटर. प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर मालाचा सांधा धरला की घनमीटरला ४४५ विटा. सगळ्या कोठीला १०३६. त्यावर फूटतूट पाच टक्के: १०८८.

हे उत्तर येईपर्यंत दुपार टळली होती. गवंडी तेवढा वेळ निंबाखाली तंबाखू मळत बसला होता. तो उठला, आखणीभोवती एक फेरी मारली, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, “अकराशे टाका.”

ओसरीवर शांतता पसरली. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, “तुमचा आकडा बरोबर आहे. पण तो चुकून बरोबर आहे.”

गवंडी वरमला नाही. उलट त्यानं पुढची चाल केली. “नऊ इंची कशाला, साहेब? चार इंची घेऊ. निम्म्या विटांत काम.”

मामांच्या डोळ्यांत चमक आली. अण्णांनी मग भिंतीची बाजू घेतली, आणि इतक्या कळवळ्यानं, की भिंत नात्यातली वाटावी. गहू पाण्यासारखा वाहत नाही, पण दगडासारखा गपही बसत नाही. वरून जेवढा भार येतो, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त तो बाजूला ढकलतो. १.६ मीटर उंच ढिगाच्या तळाशी, दडपलेल्या गव्हाच्या जड आकड्यानं, भिंतीच्या एका चौरस मीटरवर ४६९ किलोचा रेटा येतो. वर तो कमी होत होत पृष्ठभागाशी शून्य. “लांब भिंतीवर एकूण ५६३ किलो.”

“म्हंजी रेडाच रेलून बसलाय की भिंतीला,” गवंडी म्हणाला.

“बारा महिने. आणि विटेची भिंत वरचं ओझं हसत झेलते, पण बाजूनं वाकवलं की तिला ताण सोसत नाही. चार इंची भिंत मधोमध फुगेल आणि कोपऱ्याशी उभी चीर जाईल. चीर केसाएवढी असेल, पण किड्याला तो हमरस्ता.”

जाडी दुप्पट झाली की वाकण्याला होणारा विरोध चौपट होतो. तेव्हा विटा वाचवायच्या नादात ताकद पाव होते. मामांनी एक मोठा उसासा टाकून नऊ इंचीला मान्यता दिली. अकराशे विटा आल्या. अण्णांनी त्या वाजवून घेतल्या, खणखणीत वाजणाऱ्या ठेवल्या आणि बद्द वाजणाऱ्या ओट्याच्या भरावात टाकायला लावल्या. विटा हौदात भिजवल्याशिवाय एकही थर लागू दिला नाही. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, सिमेंट तहानलेलं राहतं आणि सांधा नखानं सुटतो.

गिलाव्याचा हिशेब अण्णांनी मला दिला, म्हणजे पाठ म्हणून करायला लावला. आतल्या चार भिंती ८.६४ चौरस मीटर, तळ १.८, स्लॅबची खालची बाजू १.८, मिळून १२.२४. आतून बारा मिलिमीटर, एकास चार. गव्हाला लागणारी बाजू घट्ट, गुळगुळीत आणि कोपरे वाटीसारखे गोल हवेत, कारण काटकोनात चार दाणे उरतात आणि त्या चार दाण्यांवर पुढच्या वर्षीची कीड पोसली जाते. बाहेरून ११.५८ चौरस मीटर, पंधरा मिलिमीटर, एकास सहा. सांध्यांच्या खाचा आणि भिंतीचे उंचसखल भरायला वीस टक्के जास्त. शिवाय कोरडा माल पाणी पडलं की आक्रसतो, म्हणून ओला एक घमेलं हवा असेल तर कोरडा एक पूर्णांक तीन दशांश घमेलं घ्यायचा. गिलाव्याला अडीच पोती सिमेंट, विटकामाला सव्वातीन. पावणेसहा म्हणजे सहा पोती. दोन्हींची वाळू मिळून अडतीस घनफूट.

“०.३८ ब्रास,” अण्णांनी वाळूवाल्याला फोनवर सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. शेवटी मामांनी अर्धा ब्रास मागवला. उरलेल्या बारा घनफुटांचं काय झालं हे अण्णा अजून विचारतात.

स्लॅब पडल्यावर छताचा गिलावा करून गवंड्याला साठ सेंटिमीटरच्या झाकणातूनच बाहेर यायचं होतं. अण्णांनी त्याचं पोट आधीच मोजून ठेवलं होतं.

दहा दिवस पाणी मारलं. मामा म्हणाले, वाळली, भरू. अण्णांनी नाही म्हटलं. आतल्या गिलाव्यावर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावला आणि दुसऱ्या दिवशी सोडवला. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं होतं. भिंत वरून पांढरीफटक दिसत होती, पण पोटात पाणी होतं. त्या दिवशी गहू भरला असता तर भिंतीनं सगळी ओल त्याला दिली असती. भिंतीलगतचा गहू ढेप होऊन चिकटला असता आणि पावसाळ्यात झाकण उघडल्यावर कुबट वास आला असता. दर आठवड्याला कागद लागत राहिला. आखाजीच्या आसपास तो पहिल्यांदा कोरडा निघाला. तोवर गहूही मेच्या उन्हात दाताखाली कट्कन वाजेल इतका वाळला होता.

भरण्याच्या दिवशी अण्णा टोपी घालून आले. एका हातात तांबड्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात पत्र्याचं स्टेन्सिल: ‘क्षमता २० क्विंटल’. पन्नास किलोचे चाळीस कट्टे ओसरीवर रचले होते. गडी झाकणातून एकेक रिकामा करू लागला. तीस झाले. पस्तीस झाले. छत्तिसावा ओतला आणि गहू झाकणातून वर आला.

चार कट्टे शिल्लक.

मामा काही बोलले नाहीत. नातू काही बोलला नाही, पण त्याच्या न बोलण्यात फार आनंद होता. गवंडी निंबाखालून म्हणाला, “मी चुकून बरोबर होतो. हे चुकून काय झालं म्हणायचं?”

अण्णा ओट्यावर बसले. खिशातून कडक पेन्सिल काढली. पाच मिनिटांनी त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा टाकीत पाणी कमी सापडावं तसा झाला होता. “गिलावा,” ते म्हणाले.

नकाशातली मापं विटेपासून विटेपर्यंतची होती. त्यावर आतून सगळीकडे बारा मिलिमीटर माल चढला. रुंदी, लांबी, उंची प्रत्येकी दोन सेंटिमीटर चार मिलिमीटरनं आत आली. हे अंतर बोटभर. पण सहाही बाजूंनी मिळून ०.१४४ घनमीटर. “एक क्विंटल बारा किलो गव्हाची जागा गिलाव्यानं खाल्ली. मी गिलाव्याचं सिमेंट काढलं, वाळू काढली, पण त्याला राहायला जागा द्यायची विसरलो.” नकाशावर ‘गिलाव्यानंतरचं माप’ एवढे दोनच शब्द हवे होते.

“पण गिलावा खाऊनही २१ क्विंटलची जागा उरते,” नातू मोबाईलवरून म्हणाला. कोपऱ्यांचा अपमान तो विसरला नव्हता, पण हिशेब बरोबर होता. “मग चार कट्टे का?”

उत्तर आजीकडे होतं. ती दाताळं घेऊन जिन्याच्या पायऱ्या चढत होती. “अरे, मधनं ओतलं की धान्य शेंडी धरतं. बाजूनं पोकळच राहतं.” गहू उतरता ढीग करतो, त्याच्या उताराचा कोन सत्तावीस अंशांच्या आसपास. मधलं टोक छताला टेकलं तरी कोपऱ्यात तो हातभर खाली असतो. छताखालच्या त्या पोकळीत साडेतीन क्विंटलची जागा अडकली होती. मामांनी आजीच्या हातून दाताळं घेतलं, झाकणातून हात घालून ढीग चारी बाजूंना ओढला. एकेक कट्टा जात राहिला. चाळिसावा सपाट केल्यावर अण्णांनी आत टेप सोडली. सात इंच मोकळी जागा ठरवली होती. चार उरली होती. आजीनं त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरला आणि झाकण बसलं.

सगळे चहाला आत गेले. अण्णा बाहेरच थांबले. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी स्टेन्सिल भिंतीला लावलं, तांबडा रंग फिरवला, पत्रा काढला. दोन पावलं मागे जाऊन वाचलं. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि आकड्याच्या आधी, अगदी लहान अक्षरात, हातानं लिहिलं: ‘सु.’